पाचटाचा लेख, चार ओळी आणि एक आडवी पट्टी

संशोधनाचा लेख लिहून पूर्ण झाला, मार्गदर्शकांनी वाचला, तक्ते जागेवर बसले. आता जर्नलच्या संकेतस्थळावर लेख चढवायला बसावे, तर पडदा आणखी दोन फायली मागतो. एक ‘हायलाइट्स’ची आणि दुसरी ‘ग्राफिकल ॲबस्ट्रॅक्ट’ची, म्हणजे चित्रातल्या सारांशाची. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मग सारांशातली चार वाक्ये उचलून हायलाइट्समध्ये टाकली जातात, लेखातली सर्वांत रंगीत आकृती चित्र म्हणून जोडली जाते आणि लेख रवाना होतो.

बेळगावात माझ्याकडे लेख तपासायला घेऊन येणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी पहिल्या खेपेला हेच केलेले असते. त्यांचा दोष नाही, कारण हे काम कोणी शिकवतच नाही. म्हणून एकच लेख घेऊन ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कसे करायचे ते सांगतो. लेख निपाणीकडच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तो अजून छापून यायचा असल्याने त्यातले आकडे आणि प्रयोगाचा तपशील मी बदलून घेतला आहे. हे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत, त्यांवरून कोणी शेतीचा निर्णय घेऊ नये.

लेखाचा विषय आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत असलेला. ऊस तोडून गेला की शेतात पाचट उरते. ते पेटवून द्यायचे, की सरीत पसरून त्यावरच खोडवा ठेवायचा? तिने काळ्या जमिनीत दोन हंगाम तीन पद्धती शेजारी-शेजारी लावून पाहिल्या. पहिल्या वाफ्यात पाचट जाळले, दुसऱ्यात सरीत नुसते ठेवले, तिसऱ्यात पाचट ठेवून त्यावर युरिया टाकला. प्रत्येक पद्धतीचे चार वाफे, म्हणजे एकूण बारा. पाणी किती लागले, टनेज किती पडले, पाने किती पिवळी पडली आणि मातीतला सेंद्रिय कर्ब किती झाला, या चार गोष्टी तिने मोजल्या.

आधी मागणी नेमकी काय असते ते पाहू. एल्सेव्हिअरच्या बहुतेक जर्नल्सचा नियम असा की हायलाइट्स तीन ते पाच असाव्यात आणि प्रत्येक ओळ मोकळ्या जागा धरून ८५ अक्षरांच्या आत बसावी. त्या वेगळ्या फाइलीत द्यायच्या आणि फाइलीच्या नावात `highlights` हा शब्द ठेवायचा. इतर प्रकाशकांचे नियम थोडे वेगळे असतात, काही जर्नल्स हायलाइट्स मागतच नाहीत. म्हणून लेखकांसाठीच्या सूचनांचे पान उघडून आपल्या जर्नलला काय हवे ते वाचल्याशिवाय कामाला लागू नये. या ओळी ऑनलाइन पानावर सारांशाच्या जवळ दिसतात. लेख उघडायचा की पुढे जायचे, हे वाचणारा बहुधा त्या पाहूनच ठरवतो.

मोकळ्या जागांसकट ८५ अक्षरे म्हणजे इंग्रजीत साधारण बारा-चौदा शब्द. तिच्या मसुद्यातली पहिली ओळ अशी होती: ‘इट वॉज फाउंड दॅट रिटेन्शन ऑफ शुगरकेन ट्रॅश इन द इंटर-रो स्पेसेस रिझल्टेड इन अ सिग्निफिकंट रिडक्शन इन इरिगेशन वॉटर रिक्वायरमेंट’. इंग्रजीत ती १३८ अक्षरांची भरते. मर्यादेपेक्षा ५३ अक्षरे जास्त, आणि पाणी किती वाचले ते एवढ्या लांब ओळीत कुठेच नाही. ‘इट वॉज फाउंड दॅट’ हे चार शब्दच मागच्या मोकळ्या जागेसकट १८ अक्षरे खातात, म्हणजे मिळालेल्या जागेचा पाचवा हिस्सा काहीही न सांगता संपतो.

पण लांबी हा यातला सोपा भाग आहे. खरी चूक ही होती की तिने सारांश समोर ठेवून तो कापायला घेतला होता. सारांशाची वाक्ये एकमेकांच्या आधाराने उभी असतात. ‘या पद्धतीत’, ‘त्या तुलनेत’, ‘दुसऱ्या हंगामात मात्र’ असे दुवे त्यांत असतात. एक वाक्य उचलून वेगळे ठेवले की दुवा तुटतो, आणि उरलेले वाक्य मूळ लेखापेक्षा मोठा दावा करू लागते. म्हणून मी सारांशाचे पान उलटे ठेवायला सांगतो. हायलाइट्स निघतात त्या तक्त्यांतून आणि आकृत्यांतून.

आम्ही वहीचे एक पान घेऊन त्यावर चार रकाने आखले. काय आढळले, किती, कोणत्या तक्त्यात, आणि कोणत्या अटीवर. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण अट तिथे लिहून ठेवली नाही तर ओळ आखूड करताना ती सर्वांत आधी गळते.

पाण्याची नोंद सरळ भरली. जाळलेल्या वाफ्याला दोन्ही हंगामांच्या सरासरीने पाण्याच्या १९ पाळ्या लागल्या, पाचट ठेवलेल्या दोन्ही पद्धतींना १५. एका पाळीला ८० मिलिमीटर पाणी, म्हणजे १,५२० आणि १,२०० मिलिमीटर. फरक ३२० मिलिमीटरचा, मूळच्या २१ टक्के. दोन्ही हंगामांत कल सारखाच होता आणि सांख्यिकी चाचणीतही फरक टिकला होता. अटीच्या रकान्यात तिने ‘काळी जमीन, खोडवा, सरीने पाणी’ असे लिहिले.

उत्पादनाच्या नोंदीशी आम्ही अडखळलो. तिच्या मसुद्यात होते: ‘पाचटामुळे उसाचे उत्पादन ७.६ टक्क्यांनी वाढले.’ तक्ता उघडला. जाळलेल्या वाफ्याचे उत्पादन पहिल्या हंगामात हेक्टरी ९६ टन, दुसऱ्यात ९२. पाचट आणि युरियाच्या वाफ्याचे ९७ आणि ९९. ९२ वरून ९९ म्हणजे ७.६ टक्के, हा हिशेब बरोबर आहे. पण तो फक्त दुसऱ्या हंगामाचा आहे, आणि फक्त युरिया दिलेल्या वाफ्याचा. नुसते पाचट ठेवलेल्या वाफ्याचे उत्पादन ९४ आणि ९५ होते आणि जाळलेल्या वाफ्याच्या तुलनेत दोन्ही हंगामांत चाचणीत टिकणारा फरक नव्हता. म्हणजे त्या एका ओळीत दोन अटी गळल्या होत्या. हंगामाची एक आणि युरियाची दुसरी. ओळ वाचून कोणी नुसते पाचट पसरले असते, तर लेखाने न दिलेले आश्वासन त्याने लेखातूनच घेतले असते.

पहिल्या हंगामाबद्दल तिने मग लिहिले, ‘उत्पादन सारखेच राहिले’. तेही मी बदलायला लावले. चार-चार वाफ्यांच्या प्रयोगात फरक आढळला नाही याचा अर्थ एवढाच की या प्रयोगाला तो पकडता आला नाही. सारखेपणा सिद्ध करायला वेगळी चाचणी आणि बहुतेक वेळा जास्त वाफे लागतात. म्हणून ‘फरक आढळला नाही’ असे लिहायचे. दोन शब्दांचाच बदल आहे, पण काटेकोर रिव्ह्यूअरचे बोट नेमके तिथेच जाते.

सर्वांत जास्त वेळ कर्बावर गेला. ही ओळ तिला अतिशय प्रिय होती. जाळलेल्या वाफ्यात सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, पाचटाच्या वाफ्यात ०.६३. तिने लिहिले होते, ‘सेंद्रिय कर्बात ८.६ टक्के वाढ’.

“ही ओळ काढावी लागेल,” मी म्हणालो.

“असं कसं सर? आकडा तर वाढलाय की.”

“वाढलाय. पण त्या ओळीच्या टोकाला `p = 0.09` लिहिलंय, ते बघ. तू लेखातच आधी ठरवलंयस की ०.०५ च्या खाली आलं तरच फरक मानायचा.”

ती बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चर्चेत लिहिलंय की मी, की कल दिसतो पण अजून हंगाम बघायला हवेत म्हणून.”

चर्चेत ते योग्यच होते, कारण तिथे पुढचे वाक्य लिहायला जागा होती. हायलाइटमध्ये पुढचे वाक्य नसते. ज्या निष्कर्षाला ‘पण’ जोडल्याशिवाय तो खरा राहत नाही आणि तो ‘पण’ ८५ अक्षरांत मावत नाही, त्याने हायलाइटमध्ये यायचेच नाही, असा माझा नियम आहे. मातीतला कर्ब हळूहळू बदलतो, दोन हंगामांत ठळक फरक न दिसणे यात नवल नाही. त्याने लेख कमकुवत होत नाही. न टिकणारी ओळ वर ठेवली तर मात्र होतो.

त्याच ओळीत आणखी एक खड्डा होता, आणि तो कुठल्याही विषयाच्या लेखात असू शकतो. ०.५८ टक्क्यांवरून ०.६३ टक्के म्हणजे वाढ किती? मूळच्या मानाने ८.६ टक्के, पण टक्केवारीच्या मोजपट्टीवर ०.०५ इतके अंक. जी राशी मुळातच टक्क्यांत मोजली जाते तिच्यातल्या बदलाला नुसते ‘टक्के वाढ’ म्हटले की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. कोणी समजेल की कर्ब ९ टक्क्यांच्या जवळ पोचला. अशा ठिकाणी सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे द्यावेत.

चौथी नोंद पानांच्या पिवळेपणाची. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र ओढून घेतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत खोडवा पिवळा पडतो. ते पाहून शेतकरी म्हणतो की पाचट ठेवले आणि ऊस बिघडला, आणि पुढच्या वर्षी काडी लावतो. तिच्या प्रयोगात युरिया दिलेल्या वाफ्यांत पहिल्या ६० दिवसांत हा पिवळेपणा दिसला नाही. मसुद्यात ही गोष्ट नव्हतीच, तिला ती किरकोळ वाटली होती. मला ती लेखातली दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट वाटली, कारण लोक पाचट का जाळतात याचे एक खरे कारण तिच्यात आहे. सारांश समोर ठेवून काम केले असते तर ती सापडली नसती, कारण सारांशातही ती नव्हती.

शेवटी चार ओळी राहिल्या. इथे मराठीत देतो, तिने त्या इंग्रजीत उतरवल्या.

– खोडवा उसात पाचट सरीत ठेवल्याने सिंचनाचे पाणी २१ टक्के कमी लागले
– पाचटावर युरिया दिल्यावर पहिल्या ६० दिवसांत पानांचा पिवळेपणा दिसला नाही
– पाचट व युरिया: पहिल्या हंगामात उत्पादनात फरक आढळला नाही, दुसऱ्यात ७.६ टक्के वाढ
– काळ्या जमिनीत पाचट जाळणे व ठेवणे यांची दोन हंगाम शेजारी-शेजारी तुलना

१३८ अक्षरांची ती पहिली ओळ इंग्रजीत अशी झाली: ‘ट्रॅश मल्च कट इरिगेशन वॉटर बाय २१% इन रटून केन ऑन ब्लॅक सॉइल’. एकूण ६८ अक्षरे, त्यांत आकडा आला, पीक आले आणि जमीनही आली. अक्षरे बोटांवर मोजत बसू नये. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ वेगळ्या घरात ठेवून शेजारच्या घरात हे सूत्र टाकावे:

```
=LEN(TRIM(A1))
```

`TRIM` मुळे वर्डमधून उचलताना आलेल्या दुहेरी आणि शेवटच्या मोकळ्या जागा मोजणीतून जातात. मात्र मूळ ओळीत त्या तशाच राहतात, तेव्हा फाइलीत टाकताना त्या हातानेच काढाव्यात. ओळीच्या सुरुवातीचा ठिपका वर्डने आपोआप घातलेला असेल तर तो या मोजणीत येत नाही.

ओळींतून काय वगळले तेही सांगतो. उसाच्या वाणाचे नाव काढले. को ८६०३२ म्हटले की आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळते, पण ब्राझीलमधल्या वाचकाला तो नुसता आकडा आहे. जिल्ह्याचे नावही काढले. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले, त्याआधीच्या लेखांत बेळगाव आहे. लेखाच्या आत एकच रूप धरून चालावे आणि जागेचा पूर्ण तपशील पद्धतीच्या भागात द्यावा. हायलाइट वाचणाऱ्या परक्या माणसाला गावाच्या नावापेक्षा ‘काळी जमीन’ हे दोन शब्द जास्त सांगतात, कारण आपल्या जमिनीशी तुलना तो त्यावरूनच करतो. एकर आणि गुंठ्यांचे हिशेब हेक्टरवर आणले. हेक्टरी ९९ टन म्हणजे एकरी साधारण ४० टन, हे आपल्या ओळखीचे माप तिने गावात सांगण्यासाठी वहीत ठेवले.

आता चित्र. ग्राफिकल ॲबस्ट्रॅक्ट हा शब्द ऐकून बहुतेकांना वाटते की अख्खा लेख चित्रात मांडायचा आहे. तिनेही तसेच केले होते. शेताचा नकाशा, बारा वाफ्यांची मांडणी, चार स्तंभालेख, मातीच्या प्रयोगशाळेचा फोटो आणि खाली तीन ओळींचा निष्कर्ष. मोठ्या पडद्यावर ते देखणे दिसत होते. मी ते १३ सेंटिमीटर रुंदीवर छापून तिच्या हातात दिले. तिला स्वतःलाच त्यातले काही वाचता येईना.

ही रुंदी मी मनाने घेतलेली नाही. एल्सेव्हिअरची मागणी अशी की चित्र किमान १३२८ पिक्सेल रुंद आणि ५३१ पिक्सेल उंच असावे, किंवा त्याच प्रमाणात मोठे, आणि साध्या पडद्यावर ते १३ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर इतके दिसत असतानाही वाचता यावे. म्हणजे आडवी, अरुंद पट्टी. इतर ठिकाणी आकार बदलतो. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नल्सना ८.२५ बाय ४.४५ सेंटिमीटरचे चित्र लागते, सेल प्रेसला चौकोनी. चौकोनासाठी केलेला आराखडा पट्टीत कोंबला की अक्षरे बारीक होतात आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा उरते, म्हणून आकार आधी पाहायचा.

आराखडा कागदावर करायचा, पेन्सिलीने, खऱ्या मापात. मी वहीत १३ बाय ५ सेंटिमीटरची चौकट आखून दिली आणि सांगितले की या चित्रातून समोरच्याने कोणते एक वाक्य घेऊन जायचे ते आधी चौकटीच्या वर लिही. चित्राला एकच हायलाइट मिळते. तिने पाण्याची ओळ निवडली.

मग तिने दोन थेंब काढले. एक मोठा, जाळलेल्या वाफ्याचा, आणि एक लहान, पाचटाचा. कल्पना गोड होती, पण चुकीची. १,२०० म्हणजे १,५२० च्या ७९ टक्के. थेंबाची उंची ७९ टक्के केली तर त्याबरोबर रुंदीही तितकीच होते, आणि क्षेत्रफळ उरते ०.७९ गुणिले ०.७९, म्हणजे सुमारे ६२ टक्के. डोळा थेंबाची उंची मोजत नाही, त्याला सगळा आकार दिसतो. त्यामुळे २१ टक्क्यांची बचत चित्रात ३८ टक्क्यांची वाटू लागते. आकडा खरा असूनही चित्र खोटे बोलते. लहान-मोठी वर्तुळे, पोती, नाणी, माणसे अशा कुठल्याही चित्रात हीच चूक होते. ती टाळण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. शून्यापासून सुरू होणारे स्तंभ काढावेत, किंवा एकसारख्या मापाची चित्रे मोजून मांडावीत.

आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण आपल्याकडे उसाचे पाणी पाळ्यांनीच मोजतात. वरच्या ओळीत १९ थेंब, सगळे भरलेले. खालच्या ओळीत १५ भरलेले आणि ४ नुसत्या रेघेचे, पोकळ. १९ थेंबांना ६ सेंटिमीटर जागा दिली तर प्रत्येकाला ३ मिलिमीटर मिळतात, लहान मापातही ते मोजता येतात. डाव्या बाजूला दोन सऱ्यांचा छेद काढला. वरच्या सरीत उघडी काळी माती, खालच्या सरीत पाचटाचा थर. डावीकडे काय केले, उजवीकडे काय झाले. बाण घालायची गरजच पडली नाही.

तिने हा पेन्सिलीचा आराखडा घरी नेऊन वडिलांना दाखवला. परीक्षा घ्यायला त्यांच्यासारखा माणूस मिळणे ही फार मोठी सोय होती, कारण विषय त्यांच्या हाडात मुरलेला, पण लेख त्यांनी वाचलेला नव्हता. पाहणाऱ्याला काहीही न सांगता चित्र द्यायचे, दहा सेकंदांनी काढून घ्यायचे आणि काय कळले ते विचारायचे. वडील म्हणाले, “पाचट ठेवलं की चार पाळ्या वाचतात.” वाक्य बरोबर पोचले होते. पण त्यांनी लगेच पुढे विचारले, “मग टनेज किती पडलं?”

त्या प्रश्नाने आमचा आराखडा बदलला. पाणी वाचले एवढेच सांगणारे चित्र अर्धवट होते, कारण पाणी कमी दिल्यावर ऊस घटला का हे कोणीही विचारणारच. उजव्या टोकाला टनेज घालायचे ठरले. पण मग खालची ओळ नुसत्या पाचटाची ठेवता येईना, कारण ९७ आणि ९९ हे आकडे युरिया दिलेल्या वाफ्याचे होते. पाळ्या दोन्ही पद्धतींत १५ च असल्याने खालच्या ओळीचे नावच ‘पाचट + युरिया’ केले आणि पाचटाच्या थरावर पांढरे दाणे काढले. टनेजचे आकडे हंगामवार लिहिले. वर ९६ आणि ९२, खाली ९७ आणि ९९. सरासरी काढून ९४ आणि ९८ लिहिले असते तर जागा वाचली असती, पण पहिल्या हंगामात फरक आढळला नव्हता ही गोष्ट झाकली गेली असती.

पेन्सिलीचा आराखडा पक्का झाल्यावरच संगणक उघडला. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचे माप ३५.१४ बाय १४.०५ सेंटिमीटर ठेवले. ९६ डीपीआय धरले तर हे बरोबर १३२८ बाय ५३१ पिक्सेल होतात. अक्षरांच्या मापाची अडचण इथेच कळते. ३५ सेंटिमीटरची स्लाइड १३ सेंटिमीटरवर आली की प्रत्येक अक्षर ०.३७ पट होते. स्लाइडवरचे १२ पॉइंटचे अक्षर शेवटी साडेचार पॉइंटचेही राहत नाही, २४ पॉइंटचे ९ पॉइंटच्या जवळ येते. म्हणून २४ च्या खाली कुठलेही अक्षर ठेवले नाही. जे शब्द त्या मापात मावेनात ते काढून टाकले, अक्षर लहान केले नाही. पट्टीत ‘ग्राफिकल ॲबस्ट्रॅक्ट’ असा मथळाही घातला नाही. एल्सेव्हिअरच्या सूचनांतच तो नको म्हटले आहे, आणि जागाही फुकट जाते.

रंगांत तिने लाल आणि हिरवा घेतला होता, जाळणे वाईट आणि ठेवणे चांगले म्हणून. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखणे जड जाते, आणि आपल्याकडेही असे लोक आहेतच. आम्ही निळा `#0072B2` आणि नारिंगी `#E69F00` घेतला. चित्र काळ्या-पांढऱ्यात छापून पाहिले तेव्हा भरलेले आणि पोकळ थेंब तरीही वेगळे दिसत होते, तेव्हा ते रंगावर अवलंबून नाही याची खात्री झाली. उसाचे आणि सरीचे रेखाटन तिने स्वतः केले. इंटरनेटवरून उचललेल्या चित्राचा हक्क दुसऱ्याचा असतो, आणि प्रकाशकाने परवानगीचा कागद मागितला तर दाखवायला आपल्याकडे काही नसते. फाइल पीडीएफमध्ये काढली, म्हणजे मोठी करूनही रेघा फुटत नाहीत.

लेख पाठवल्यावर हे काम संपले असे समजू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका लेखात रिव्ह्यूअरने एक प्लॉट वगळून हिशेब पुन्हा करायला सांगितला. मी तक्ते बदलले, सारांश बदलला, निष्कर्ष बदलला आणि सुधारित लेख पाठवला. हायलाइट्सची आणि चित्राची फाइल वेगळी असल्याने ती जुनीच राहिली. लेख छापून आला तेव्हा सारांशात एक टक्केवारी होती आणि त्याच पानावरच्या हायलाइटमध्ये दुसरी. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, खरा आकडा कोणता? दुरुस्तीची सूचना छापून घ्यावी लागली, आणि ती आजही त्या लेखाला चिकटलेली आहे.

म्हणून तिच्या वहीतले ते चार रकान्यांचे पान आम्ही फाडले नाही. त्याला पाचवा रकाना जोडला: हा आकडा आणखी कुठे-कुठे आहे. पाण्याच्या २१ समोर तिने लिहिले, सारांश, तक्ता ३, निष्कर्ष, हायलाइट १. पाळ्यांच्या १९ आणि १५ समोर तक्ता ३ आणि चित्र. टनेजसमोर तक्ता ४, हायलाइट ३ आणि चित्राचे उजवे टोक. रिव्ह्यूअरची पत्रे आली की आधी ते पान उघडायचे आणि बदललेल्या आकड्याच्या प्रत्येक जागेवर टिक केल्याशिवाय लेख परत पाठवायचा नाही, असे ठरवून ती संध्याकाळच्या गाडीने निपाणीला गेली.